मुदतवाढीचा अर्ज आणि आतड्याचा तुकडा

फार्मसी कॉलेजात सबमिशन जवळ आलं की लॅब इन्चार्जच्या टेबलावर अर्जांची थप्पी लागते. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. बायोॲसेचं जर्नल अपुरं असेल, तर मात्र खरं कारण बहुधा आलेखावरच उमटलेलं असतं. अर्जात तेच लिहावं.

बायोॲसेत औषधाचं प्रमाण जिवंत ऊतीच्या प्रतिसादावरून ठरवतात. कोंबडीच्या आतड्याचा तुकडा ३७ अंश सेल्सिअसच्या टायरोड द्रावणात टांगून हवेचे बुडबुडे सोडतात. तो स्थिरावायला अर्धा-पाऊण तास जातो. मग ॲसिटिलकोलीन घातलं की आतडं आकसतं आणि त्या आकुंचनाची उंची आलेखावर येते. पुढच्या डोसआधी ऊती धुऊन तिला विसावू द्यावं लागतं.

थ्री-पॉइंट पद्धतीत प्रमाणित द्रावणाचे दोन डोस आणि अज्ञात द्रावणाचा एक, असे तीन डोस क्रम बदलत पुन्हा पुन्हा देतात. अज्ञाताची उंची त्या दोघांच्या मधे यायला हवी. समजा, प्रमाणित द्रावणाच्या ०.२ मिलिलिटरला ३० मिलिमीटर आणि ०.४ मिलिलिटरला ५० मिलिमीटर उंची आली, पण अज्ञाताच्या ०.२ मिलिलिटरला ५८ आली. सूत्रात आकडे घालून उत्तर निघेल, पण ते ग्राह्य नाही. ५० च्या पुढे आतडं कसं वागतं, हे मोजलेलंच नाही. अज्ञाताचा डोस निम्मा करायला हवा. तोवर ऊती थकलेली असते. आधी ३० देणारा डोस आता १९ च देतो, हीच तिची खूण. अशा वेळी शेजारच्या टेबलावरचे आकडेही उपयोगाचे नाहीत, कारण प्रत्येक तुकड्याची संवेदनशीलता वेगळी असते.

मग अर्ज असा होतो:

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.
ॲसिटिलकोलीनच्या थ्री-पॉइंट बायोॲसेत अज्ञात द्रावणाची उंची दोन प्रमाणित डोसच्या बाहेर गेली. डोस निम्मा करून पाहण्याआधीच ऊतीचा प्रतिसाद घटला. आलेख सोबत जोडला आहे. नवीन ऊतीवर प्रमाणित आणि अज्ञात असे सर्व डोस पुन्हा घ्यावे लागतील. त्यासाठी प्रयोगशाळेतलं एक सत्र आणि गणितासाठी पुढचा एक दिवस मिळावा, ही विनंती. तोवर बाकीचे प्रयोग तपासून घ्यावेत.
आपली विद्यार्थिनी

इथे मागितलेली मुदत उरलेल्या कामातूनच ठरली आहे. ऊती, टायरोड आणि ऑर्गन बाथ कोणत्या दिवशी उपलब्ध आहेत, एवढं पाहून इन्चार्ज तारीख देऊ शकतात. फसलेला आलेखही त्यांच्या सहीनिशी जर्नलमध्ये लावावा. दुसऱ्या वेळी डोस का बदलला, हे तोंडी परीक्षेत विचारलं तर उत्तर त्याच पानावर सापडेल.