फोटोला इफेक्ट दिलात? मग काय बदललं तेही लिहा

मागच्या व्हिडिओत आपण मोबाईलवरच प्रॉडक्ट फोटोला चित्रासारखा इफेक्ट कसा द्यायचा ते पाहिलं. जलरंग, कार्टून, जुन्या अल्बमसारखा पिवळसर टोन, सगळं झालं. पण एक गोष्ट मी त्यात सांगायची राहिले, आणि त्या गोष्टीपायी माझ्या स्वतःच्या दुकानात एक ऑर्डर परत आली होती. आज तीच सांगते.

माझ्या दुकानात खणाच्या पर्स असतात. दिवाळीच्या आधी मी एका पर्सच्या फोटोला जलरंगाचा इफेक्ट दिला आणि भोवती पाच पणत्या काढून टाकल्या. पोस्ट मस्त दिसत होती. ऑल्ट टेक्स्ट लिहायचं असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी लिहिलं: "सुंदर पोपटी खणाची पर्स, पणत्यांसह, दिवाळीची खास भेट". मनात म्हटलं, चला, आपण नियम पाळला.

सोलापूरच्या एका ताईंनी तीन पर्स मागवल्या. त्यांना दिसत नाही, त्या फोनवर टॉकबॅक लावून सगळं ऐकतात. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइडमधलं वाचून दाखवणारं साधन, आयफोनवर त्याला व्हॉइसओव्हर म्हणतात. पार्सल पोचलं आणि त्यांच्या भाचीने उघडून सांगितलं, "मावशी, या बाटली हिरव्या आहेत, पोपटी नाहीत. आणि पणत्या कुठायत?" ताईंना त्या पर्स नणंदांना पोपटी काठाच्या साड्यांबरोबर द्यायच्या होत्या. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या: "तुम्ही फोटोत काय केलंत ते बाकीच्यांना बघून तरी कळलं असेल. मला तुम्ही सांगितलं तेवढंच कळलं."

बघा, डोळ्यांनी बघणाऱ्याला जलरंगाचा इफेक्ट दिसला की तो आपोआप मनात हिशोब करतो: हे चित्रासारखं केलंय, रंग थोडा इकडेतिकडे असणार, पणत्या सजावटीच्या असणार. ताईंना तो इशारा मिळालाच नाही. मी इफेक्टचा उल्लेखच केला नव्हता, वर बदललेला रंग खरा म्हणून सांगितला होता. म्हणजे ऑल्ट टेक्स्ट नसतं तर त्यांनी फोन करून विचारलं असतं. माझ्या अर्धवट ऑल्ट टेक्स्टने उलट जास्त घोळ केला.

आता ऑल्ट टेक्स्ट आणि कॅप्शन यांच्यात कामाची वाटणी कशी करायची ते समजून घ्या, बहुतेक गडबड इथेच होते. ऑल्ट टेक्स्ट फोटोला आतून चिकटलेलं असतं. ते एरवी दिसत नाही, टॉकबॅकसारखं साधन फोटोवर आलं की ते वाचून दाखवतं. त्याचं काम म्हणजे समोर जे चित्र आहे ते सांगणं. कॅप्शन सगळ्यांना दिसतं आणि ऐकूही येतं. त्याचं काम म्हणजे त्या चित्रात आणि तुमच्या हातातल्या वस्तूत काय फरक आहे ते सांगणं.

"बदल ऑल्टमध्येच लिहिला तर नाही का चालणार?" असं मला क्लासमध्ये हमखास विचारतात. नाही चालणार, कारण ज्यांना अंधुक दिसतं किंवा रंगांत फरक करता येत नाही, असे बरेचजण स्क्रीन रीडर लावतच नाहीत. ते फोटो मोठा करून, डोळ्याजवळ धरून बघतात. तुमचं ऑल्ट टेक्स्ट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ऑल्टमध्ये इफेक्टचा प्रकार दोन-तीन शब्दांत, आणि वस्तूवर परिणाम करणारे बदल कॅप्शनमध्ये.

आता माझीच पर्स घेऊन करून बघू. मूळ फोटो आणि इफेक्ट दिलेला फोटो शेजारी शेजारी ठेवा, आणि खरी वस्तू हातात घ्या. ही वस्तू हातात घेण्याची पायरी गाळू नका. आपण स्क्रीनकडे इतके बघत असतो की स्क्रीनवरचा रंग आपल्यालाच खरा वाटायला लागतो, माझं तेच झालं होतं. मग जेवढे फरक दिसतील तेवढे कागदावर लिहा. माझी यादी अशी झाली: बाटली हिरवा रंग पोपटीकडे गेला. खणावरची बारीक विणलेली नक्षी पुसट होऊन नुसते ठिपके उरले. काठाची कडा पसरट झाली. पणत्या नव्याने आल्या. मागचं टेबल गेलं. फोटो चौकोनी कापला. उजेड वाढवला.

एवढं सगळं कॅप्शनमध्ये कोंबलं तर कुणी ऐकणार नाही. म्हणून प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारा: पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईकाला हा फरक जाणवेल का? टेबल गेलं, फोटो कापला, कुणाला काय त्याचं? काट मारा. उजेड वाढवल्याचं वेगळं सांगायची गरज नाही, त्याचा जो परिणाम रंगावर झाला तो सांगा. काठाची कडा थोडी पसरली, तीही सोडा. उरलं काय? रंग, नक्षी आणि पणत्या. यातली नक्षी मी आधी काटली होती आणि मग परत घेतली. खणाची ओळखच ती विणलेली नक्षी आहे, बोटाला लागते ती. जी व्यक्ती वस्तू हाताने पारखणार आहे, तिला ती आधी सांगायला नको?

मग ऑल्ट टेक्स्ट असं झालं: "जलरंगातल्या चित्रासारखा केलेला फोटो. हिरवी खणाची हातपर्स, खाली लाल काठ, वर लाकडी मूठ. भोवती रंगवलेल्या पाच पणत्या."

आणि कॅप्शन: "फोटोला जलरंगाचा इफेक्ट दिला आहे. खरी पर्स बाटली हिरव्या रंगाची, इथे दिसते त्यापेक्षा गडद. खणावर बारीक विणलेली नक्षी आहे, ती इफेक्टमध्ये पुसट झाली आहे. पणत्या सजावटीसाठी काढल्या आहेत, पर्ससोबत मिळणार नाहीत. रुंदी 9 इंच, उंची 6 इंच. किंमत 650 रुपये. पुढचा फोटो इफेक्ट न देता काढलेला आहे."

यात "सुंदर" आणि "खास भेट" दोन्ही गेले. बीबीएच्या मार्केटिंगच्या पेपरात मी असले शब्द पेरून मार्क मिळवलेत, पण इथे ते फक्त ऐकणाऱ्याचा वेळ खातात. एरवी "फोटो" किंवा "चित्र" हा शब्दही ऑल्टमध्ये लागत नाही, कारण ही इमेज आहे हे साधन स्वतःच सांगतं. पण इफेक्ट दिलेल्या फोटोत मात्र तो सांगायचाच, आणि अगदी सुरुवातीला. पुढचं सगळं ऐकताना हे चित्रासारखं केलेलं आहे, हे मनात राहतं.

इफेक्टचं नाव सांगताना अॅपमधलं फिल्टरचं नाव लिहू नका. "Clarendon फिल्टर" म्हटल्याने कुणाला काय कळणार? परिणाम सांगा: रंग जास्त भडक केले, काळा-पांढरा केला, कडा कार्टूनसारख्या जाड केल्या. रंगाच्या बाबतीत आपली मराठी श्रीमंत आहे, ती वापरा. "ग्रीन" किंवा नुसता "हिरवा" यापेक्षा बाटली हिरवा, पोपटी, मोरपंखी हे शब्द साडीच्या दुकानात वाढलेल्या कुणालाही नेमके कळतात. आणि "ज्यांना दिसत नाही त्यांना रंग कशाला सांगायचा" असा विचार मनात आला तर ताईंच्या नणंदांच्या साड्या आठवा. रंग जुळवायचे असतात, भेट द्यायची असते, शिवाय कितीतरी जणांची दृष्टी नंतर गेलेली असते.

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी रंगाकडे जास्तच लक्ष द्या. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका काकूंनी लोणच्याच्या फोटोत लाल रंग वाढवला होता आणि ऑल्टमध्ये "लालभडक लोणचं" लिहिलं. ऐकणाऱ्याने अर्थ काढला की जहाल तिखट असणार. आम्ही कॅप्शन बदललं: "फोटोत लाल रंग वाढवला आहे, लोणचं मध्यम तिखट आहे."

आता हे लिहायचं कुठे? इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकण्याआधी शेवटच्या स्क्रीनवरच्या जादा सेटिंगमध्ये Write alt text सापडेल. जुन्या पोस्टला तीन ठिपके, मग Edit, आणि फोटोवरच Edit alt text. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर तिथे आपोआप काहीतरी मोघम वर्णन येऊ शकतं, पण ते बदललेल्या फोटोवरून केलेलं असतं. तुमची पर्स मुळात कशी होती हे त्याला कुठून कळणार? व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना ऑल्टची वेगळी जागाच नसते, तिथे सगळी मदार कॅप्शनवर. म्हणजे व्हॉट्सअॅपसाठी वरचे दोन्ही मजकूर जोडून पाठवायचे, आधी वर्णन आणि मग बदल. किंमत फोटोवर सजवून लिहिली असली तरी कॅप्शनमध्ये परत टाइप करा, फोटोवरची अक्षरं वाचून दाखवली जातीलच याचा भरवसा नाही.

स्वतःची वेबसाईट असेल तर करून देणाऱ्याला हे दाखवा:

```html
<figure lang="mr">
  <img src="khan-purse.jpg"
       alt="जलरंगातल्या चित्रासारखा केलेला फोटो. हिरवी खणाची हातपर्स...">
  <figcaption>खरी पर्स बाटली हिरवी, इथे दिसते त्यापेक्षा गडद...</figcaption>
</figure>
```

यातलं `lang="mr"` महत्त्वाचं आहे. साईट इंग्रजी म्हणून नोंदलेली असेल तर काही साधनं मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातात, आणि मग तो एक तर अडखळतो किंवा गाळलाच जातो.

लिहून झालं की दोन तपासण्या करा. पहिली, स्वतःच्या फोनवर टॉकबॅक लावून पोस्ट ऐका. सेटिंग्जमध्ये Accessibility खाली मिळेल. एक सांगून ठेवते, ते चालू केलं की फोनची बोटं बदलतात: उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा बंदच करता येईना, शेवटी लेकाने केलं. बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा. ऐकताना लक्षात येईल की ऑल्ट टेक्स्ट एका दमात वाचलं जातं, मधलं वाक्य चुकलं तर बहुधा परत पहिल्यापासून ऐकावं लागतं. म्हणून दोन-तीन छोटी वाक्यं पुरे. इमोजीची रांगसुद्धा ऐकून बघा, "दिवा, दिवा, दिवा, फटाका" असं प्रत्येकाचं नाव वाचलं जातं.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते. ज्याने फोटो पाहिलेला नाही अशा कुणाला तरी फोनवर ऑल्ट आणि कॅप्शन वाचून दाखवा आणि विचारा: "पार्सलमध्ये काय येईल, सांग बघू." मी माझ्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "बाटली हिरवी पर्स, लाल काठाची, साधारण नऊ इंचाची." मग थांबून म्हणाली, "पण चेन आहे का बटण?" ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. कॅप्शनमध्ये "वर चेन आहे" टाकलं.

जुन्या पोस्टचं काय, हा प्रश्न येणारच. सगळ्या उघडत बसू नका. ज्या वस्तू अजून विकायला आहेत आणि ज्यांच्या फोटोला इफेक्ट दिलाय, तेवढ्याच घ्या. माझ्या अशा अकरा पोस्ट निघाल्या, त्यातल्या चारांत रंग चुकीचा सांगितलेला होता.