बाईंचा गंधार

बाई, गुरुपौर्णिमेला शिष्यांनी गुरूचे गुण गायचे असतात, आणि ते ऐकताना तुम्हाला किती अवघडायला होतं हे या खोलीत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी तुमच्या धीराचं कौतुक करत नाही. तो कुठे खर्च झाला तेवढं सांगते. माझ्या बाबतीत त्याचा मोठा वाटा एका स्वरावर आणि दोन रागांवर गेला.

मी शाळकरी वयात तुमच्याकडे आले तेव्हा घरच्यांची अपेक्षा साधी होती: दिवाळीपर्यंत चार गाणी यावीत. तुम्ही भूप सुरू केलात. पाचच स्वर, सगळे शुद्ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. सुरुवातीला सगळीकडे हाच शिकवतात, त्यामुळे आईला समाधान वाटलं. मग दिवाळी आली, गेली, आणि मी अजून गंधारावरच होते. ‘सा रे ग’ म्हणायचं आणि गंधारावर थांबायचं. तुम्ही पेटीचा भाता बंद केला होतात, हे मला तेव्हा फारच अन्यायाचं वाटे. पेटीची पट्टी दाबली की गंधार हातात येतो, मग तो हवेत का शोधायचा?

उत्तर तुम्ही तोंडाने दिलं नाहीत, तंबोऱ्यासमोर बसवलंत. मिरजेहून आणलेला तो तंबोरा माझ्या खांद्याच्या वर जाई. क्रम ठरलेला. आधी मधल्या दोन जोडाच्या तारा आपल्या षड्जाला लावायच्या, मग पहिली मंद्र पंचमाला, शेवटी खर्ज. खुंटीने तार जवळपास आणायची आणि उरलेलं काम घोडीच्या खालच्या मण्यांवर करायचं. दोन्ही जोड एकापाठोपाठ छेडले की आवाजात हेलकावा येतो. तारा जवळ येत जातात तसा तो हेलकावा संथ होतो आणि जुळल्या की थांबतो. तो थांबलेला ऐकू येईपर्यंत तुम्ही मला गाऊ देत नव्हतात. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसत. घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर सरकला तरी तार बंद वाजे, तो पुन्हा जागेवर आणायचा. तासाचा अर्धा भाग असाच जाई, आणि फी देणाऱ्या पालकांना हे समजावण्याचं काम तुम्ही कसं निभावलंत, देव जाणे.

एका जुलैच्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, “आता खर्ज छेड आणि त्यात गंधार शोध.” खर्जाच्या तारेत षड्ज असतो, गंधार कसा असेल? डोळे मिटून बसले, बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तार विरत असताना कुठेतरी खूप वर, बारीक आवाजात तो आला. ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो तो हा: तार जशी पूर्ण लांबीने कंप पावते तशी पाच समान भागांतही कंप पावते, आणि त्या पाचव्या भागाचा नाद म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. पेटीतले बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात, म्हणून तिचा गंधार या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका चढा असतो. एवढासा फरक कागदावर हास्यास्पद दिसतो. पण तंबोऱ्यात तो काट्यासारखा टोचतो. बरोबर लागला तर आपला आवाज तंबोऱ्यात विरघळतो, जणू आपण गातच नाही. चढा लागला तर एक खरखर कायम राहते. पेटी का बंद होती ते मला त्या संध्याकाळी कळलं. त्यानंतर पेटी मला साथीलाच बरी वाटते, शिकायला नाही, हे माझं मत आहे आणि ते तुमच्यामुळेच पक्कं झालं.

दुसरी गोष्ट देसकाराची. प्रवेशिका झाली, मध्यमा झाली, आणि एके दिवशी तुम्ही म्हणालात, “आता भुपाचे तेच पाच स्वर घे आणि भूप गाऊ नकोस.” पुस्तकात लिहिलेलं मला पाठ होतं: भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, संवादी धैवत, गायची वेळ रात्रीचा पहिला प्रहर, देसकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. परीक्षेत यावर पूर्ण गुण मिळतात. गळ्यात मात्र पाठांतराने काहीच येत नाही, कारण ‘ग प ध सां’ दोन्हीकडे आहे.

तुम्ही एक खेळ काढलात. मी फक्त आकारात गायचं आणि समोरच्या मुलींनी राग ओळखायचा. ‘सा रे ग, प ग, ध प ग, रे सा ध़ सा’ म्हटलं आणि गंधारावर विसावले की सगळ्या एका सुरात ‘भूप!’ ओरडत. मग ‘ग प ध’ म्हणून धैवतावर थांबायचं, तिथून पंचमावर यायचं, सां घेऊन पुन्हा ‘सां ध, प’ करत उतरायचं. मुली गोंधळायच्या. हळूहळू त्यांना कळायला लागलं की थांबण्याची जागा बदलली की घरच बदलतं. देसकारात रिषभाला बसायला जागा नाही, उतरताना त्याला नुसता स्पर्श करून निघायचं, आणि चलन सगळं वरच्या अंगात. भुपात उलट, रिषभ स्पष्ट हवा आणि मंद्र सप्तकात मोकळं फिरायचं. मंद्रात धैवतापर्यंत गेलात की देसकार संपतो, हे तुम्ही मला कधी वाक्यात सांगितलं नाही. मी गेले की तुम्ही फक्त तंबोऱ्याकडे बघायचात.

आणखी एक सापळा शुद्ध कल्याणाचा. भुपाच्या उतरणीत पंचमावरून रिषभाकडे ओढून आलं, किंवा सां ते ध मींड घेताना निषादाला जरा जास्त चाटून गेलं, की ऐकणाऱ्याच्या मनात कल्याण उभा राहतो. असं झालं की तुम्ही म्हणायचात, “पाहुणे आले.” हे दोन शब्द इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकले आहेत, हसू नका.

त्या काळात मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकून तसाच उचलू का? तुम्ही ऐकायला सांगितलंत, उचलायला नाही. त्याचं कारण मला आता कळतं. किशोरीताई गंधारावर जेवढा वेळ थांबत तेवढा थांबण्याची ताकद आधी श्वासात आणि कानात यावी लागते. जागा तेवढ्या उचलल्या तर नुसती नक्कल उरते.

आता मी दोन मुलींना शिकवते. त्यातली एक मला परवा म्हणाली, “ताई, दोन महिने झाले, अजून भूपच?” मी तुमच्यासारखा तंबोरा पुढे केला. ऑनलाइन शिकणारी दुसरी मोबाइलवरचा तंबोरा लावते. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तिला आधी मोठा स्पीकर घ्यायला लावला. तरीही खुंटी पिळून हेलकावा थांबवण्याचा अनुभव तिला कसा द्यावा, हे तुम्हाला विचारायचं राहिलंय. कार्यक्रम संपल्यावर बसू.

बाई, इतकी वर्षं तुम्ही घाई केली नाहीत म्हणून मी मनापासून आभार मानते. सकाळ आहे, म्हणून देसकार गाते, मध्यलय तीनतालात. पाहुणे आलेच तर तंबोऱ्याकडे बघा.