कानांनी वाचायचे वेळापत्रक

रमजानचा चांद दिसण्याआधीच सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाची पीडीएफ घरोघरच्या मोबाइलवर येऊन पडते. ज्याला दिसते त्याला ती एका नजरेत समजते. घरातल्या ज्या माणसाला दिसत नाही, तो तीच पीडीएफ स्क्रीन रीडरकडून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ऐकतो. तेव्हा त्याच्या कानी पडते ते काहीसे असे: “एक, गुरुवार, पाच बत्तीस, सहा चव्वेचाळीस, सोळा, शुक्रवार, पाच एकवीस, सहा अठ्ठेचाळीस.”

यातली सहेरीची वेळ कोणती? पहिल्या रोजाच्या ओळीत सोळावा रोजा कुठून आला? कागदावर छापलेला एकही आकडा चुकलेला नाही, तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शेवटी त्याला रोज कुणाला तरी विचारावे लागते. हा दोष पीडीएफ बनवणाऱ्याला घरच्या संगणकावर दुरुस्त करता येतो.

पीडीएफला दोन अंगे असतात. एक डोळ्यांना दिसणारे पान आणि दुसरे त्यामागे दडलेल्या खुणा. त्यांना टॅग म्हणतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, हे चित्र, आणि यानंतर ते वाचायचे, एवढे सगळे या टॅगमध्ये लिहिलेले असते. स्क्रीन रीडर टॅगच्या आधाराने चालतो. ते नसतील तर तो अंदाजाने वाचतो आणि चुकतो. तयार पीडीएफमधले टॅग दुरुस्त करायला अ‍ॅक्रोबॅट प्रोसारखे विकतचे सॉफ्टवेअर लागते. म्हणून मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर दुरुस्ती तिथेच करावी आणि पीडीएफ नव्याने काढावी.

आधी अक्षरे तपासा

पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडता आले नाही, तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाला आहे. स्क्रीन रीडरही तीच खिचडी वाचणार. दोन्ही बाबतींत मजकूर युनिकोडमध्ये घेतल्याशिवाय पुढची मेहनत वाया जाते. एखादी वेलांटी इकडची तिकडे झालेली दिसली, तर मात्र घाबरू नका. देवनागरी कॉपी करताना तसे पुष्कळदा होते. खरे काय ते ऐकून ठरवावे.

शीर्षकांची उतरंड

अक्षर मोठे आणि ठळक केले म्हणजे ते शीर्षक झाले, असे आपल्याला वाटते. स्क्रीन रीडरला मात्र तो साधाच परिच्छेद वाटतो. वर्डमध्ये ओळ निवडून Styles मधून तिला दर्जा द्यावा लागतो. आपल्या वेळापत्रकात ‘रमजान वेळापत्रक’ हे Heading 1. ‘सहेरी व इफ्तारच्या वेळा’, ‘तरावीहची ठिकाणे’ आणि ‘जकात व फित्रा संकलन’ ही तिन्ही Heading 2. तरावीहच्या ठिकाणांत पुरुषांची आणि महिलांची सोय वेगवेगळी दिली असेल, तर ते दोन उपमथळे Heading 3.

पायरी गाळायची नाही. Heading 4 चा रंग आवडला म्हणून Heading 1 खाली एकदम तोच वापरला, तर ऐकणाऱ्याला वाटते की मधले काही निसटले. रंग हवा असेल तर Heading 2 चाच बदलावा. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये H दाबले की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. उतरंड नीट असेल तर तीन-चार उड्यांत माणूस जकातीच्या माहितीपर्यंत पोहोचतो. नसेल तर आधी तीस दिवसांच्या वेळा ऐकत बसावे लागते.

तक्ता

खरी गडबड इथेच आहे. जागा वाचवण्यासाठी पहिले पंधरा रोजे डावीकडे आणि उरलेले उजवीकडे मांडतात. तक्ता मात्र आडव्या ओळीने वाचला जातो, म्हणून एकानंतर सोळा ऐकू येतो. उपाय साधा आहे. पाच रकान्यांचा एकच तक्ता करावा: रोजा, तारीख, वार, सहेरी समाप्त, इफ्तार. खाली रोज एक ओळ.

रकान्यांची ही नावे तक्त्याच्या अगदी पहिल्या ओळीत असावीत. त्यावर ‘मुबारक माहे रमजान’ अशी जोडलेल्या चौकटींची पट्टी असेल, तर ती तक्त्याबाहेर काढावी, नाहीतर तीच शीर्ष-ओळ ठरते. मग पहिल्या ओळीत कर्सर ठेवून तक्त्याच्या Layout टॅबमधले Repeat Header Rows दाबावे. यामुळे तक्ता दुसऱ्या पानावर गेला तरी तिथे नावे पुन्हा छापली जातात आणि पीडीएफमध्ये त्या ओळीवर शीर्ष-ओळीचा टॅग बसतो. आता तक्त्यात Ctrl+Alt आणि बाणाची कळ दाबत सरकले की “सहेरी समाप्त, पाच बत्तीस” असे ऐकू येते. आकड्याला त्याचे नाव मिळाले.

वाचनाचा क्रम

सुबक दिसावे म्हणून सूचना तरंगत्या चौकटीत, म्हणजे टेक्स्ट बॉक्समध्ये टाकतात. “वेळा फक्त शहरापुरत्या, बाहेरगावी फरक पडेल” ही ओळ पानावर तक्त्याच्या वर दिसते. पण चौकट शेवटच्या परिच्छेदाला बांधलेली असेल, तर ती सगळ्यात शेवटी वाचली जाते. तोवर ऐकणारा वेळ ऐकून उठून गेलेला असतो. अशी सूचना साध्या परिच्छेदात, तक्त्याच्या आधी लिहावी. भोवती चौकट हवी असेल तर त्या परिच्छेदालाच Borders लावावी. चित्रांनाही In Line with Text निवडावे म्हणजे ती आपली जागा सोडत नाहीत.

चित्रांसाठी शब्द

चित्रावर उजवे बटण दाबून Alt Text मध्ये वर्णन लिहायचे. काय लिहायचे ते चित्राच्या कामावरून ठरते. सुलेखनातल्या बिस्मिल्लाहसाठी तेच शब्द लिहावेत. मिनार-चंद्राच्या नक्षीला Mark as decorative अशी खूण करावी, म्हणजे स्क्रीन रीडर ती सोडून पुढे जातो. मशिदीच्या नकाशासाठी ‘नकाशा’ एवढे लिहून काम होत नाही. “बस स्थानकातून बाहेर पडून डावीकडे, दुसऱ्या गल्लीत उजव्या हाताला मशीद” असे लिहिले तर माणूस पोहोचेल. वर्गणीच्या क्यूआर कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांतही छापावा. त्याचा उपयोग सगळ्यांनाच होतो.

पीडीएफ काढताना

‘प्रिंट’ करून पीडीएफ काढली तर टॅग सहसा गळून पडतात. त्याऐवजी Save As मध्ये PDF निवडून Options मध्ये Document structure tags for accessibility वर खूण आहे ना, ते पाहावे. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी Export as PDF मध्ये Tagged PDF निवडावे. त्याआधी मजकुराची भाषा मराठी ठेवावी, म्हणजे मराठी आवाज निवडला जातो. मध्ये उर्दू ओळी असतील तर तेवढ्या निवडून त्यांची भाषा उर्दू करावी.

वर्डच्या Review टॅबमधले Check Accessibility राहून गेलेले वर्णन किंवा तक्त्याची शीर्ष-ओळ दाखवून देते. पण वर्णन बरोबर आहे का, सूचना योग्य जागी वाचली जाते का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी एनव्हीडीए सुरू करावे, पडदा बंद करावा आणि स्वतःला एकच प्रश्न घालावा: सतराव्या रोजाची इफ्तार किती वाजता? उत्तर न चाचपडता मिळाले तर फाइल पाठवण्याजोगी झाली.

एक मर्यादा उरते. मोबाइलवरची बरीच पीडीएफ अ‍ॅप टॅगकडे लक्षच देत नाहीत. म्हणून पीडीएफबरोबर त्या आठवड्याच्या वेळा साध्या संदेशात, रोजची एक ओळ याप्रमाणे लिहून पाठवाव्यात: “१७ वा रोजा, शनिवार, सहेरी समाप्त ५.२०, इफ्तार ६.४८.”