दहा आकडे, मधे एक जागा

०४७७७७१८८३

या आकड्यात सात किती वेळा आला? बहुतेकांना परत एकदा बघावं लागतं, बोट ठेवून मोजावंही लागतं. आता तोच आकडा असा बघा:

०४७७७ ७१८८३

डावीकडे तीन सात, उजवीकडे एक. मोजायची गरजच उरली नाही. (आकडा मुद्दाम शून्यानं सुरू केला आहे. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात, त्यामुळे हा कुणाचाच मोबाइल नाही.)

एका रिकाम्या जागेनं एवढा फरक पडतो, तरी दुकानाच्या पाट्या, फरसाणाची पाकिटं आणि लग्नपत्रिका यांच्यावर दहा आकडे सलग छापलेले असतात. लांबलचक आकडा कुणी एका नजरेत वाचत नाही. आपण त्याचे तुकडे करतो, एकेक तुकडा लक्षात धरतो आणि मग बटणं दाबतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मृतीत साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती मर्यादा आणखी खाली, चारच्या आसपास आणली. म्हणजे दहा आकडे तोडावे तर लागणारच. छापणाऱ्यानं ते तोडले नाहीत तर वाचणारा आपल्या मनानं तोडतो, आणि कागदावरून फोनकडे व फोनवरून परत कागदाकडे नजर नेताना आपण कुठे तोडलं होतं हेच विसरतो. एकसारखे आकडे शेजारी असले की तिथे हमखास घोळ होतो. एक सात गळतो किंवा एक जास्तीचा पडतो.

मोबाइल नंबरात हा घोळ पकडायची काहीच सोय नाही. आधारच्या बारा आकड्यांत शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले तर संगणक लगेच अडवतो. मोबाइल नंबरात असा पहारेकरी नाही. एक आकडा चुकला तरी तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी खराखुरा नंबर निघतो. म्हणून इथे सगळी भिस्त छापणाऱ्यावर आहे.

तोडायचं कुठे? पूर्वी याचं उत्तर नंबरातच होतं. पहिल्या चार-पाच आकड्यांवरून कंपनी आणि राज्य कळायचं आणि उरलेला भाग ग्राहकाचा असायचा. त्यामुळे कुणी चार-सहा असं तोडायचं, कुणी पाच-पाच. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखण्यात अर्थ राहिला नाही. मग उरला तो फक्त डोळ्यांचा सोयीस्करपणा. त्यात पाच-पाच टिकलं आणि आज फोनच्या पडद्यावरही आपल्याला नंबर बहुतेक तसेच दिसतात. छापतानाही तेच करावं. जो तुकडा पडद्यावर दिसणार तोच पाटीवर असेल तर ताडून बघणं सोपं जातं.

लँडलाइनला मात्र हा नियम लावू नये. तिथले तुकडे अजून खरे आहेत. सुरुवातीचं शून्य सोडलं तर एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहाच आकडे होतात, पण सांधा गावागणिक बदलतो. मुंबईचा कोड २२ आणि पुण्याचा २०, म्हणून पुढे आठ आकडे. नाशिकचा २५३, गोव्याचा ८३२, म्हणून पुढे सात. साताऱ्याचा २१६२, म्हणून पुढे सहा. साताऱ्याचा नंबर कुणी डोळे झाकून पाच-पाच तोडला, तर स्थानिक नंबराचा पहिला आकडा कोडला जाऊन चिकटतो. तिथली जागा कोडनंतरच हवी आणि कोडमागचं शून्यही छापायला हवं: ०२१६२, जागा, मग सहा आकडे.

पाच-पाचची मराठी कानाशी एक अडचण आहे, आणि ती डोळ्याआड करून चालणार नाही. आपल्यातले बरेच जण नंबर जोडी-जोडीनं सांगतात. वरचा आकडा ‘शून्य चार, सत्त्याहत्तर, सत्त्याहत्तर, अठरा, त्र्याऐंशी’ असा सांगितला जाईल. पाच विषम असल्यामुळे तिसरी जोडी, म्हणजे दुसरं सत्त्याहत्तर, नेमकी मधल्या जागेवर येते. त्यातला एक सात डावीकडे राहतो आणि दुसरा उजवीकडे जातो. सांगणारा तिथे अडखळतो. त्यात ‘त्र्याऐंशी’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना आठ आधी लिहायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि केवढा वाद झाला, ते अनेकांना आठवत असेल. त्या बदलामागे हीच अडचण होती. मुलं ऐकलेल्या क्रमानं आकडे लिहितात आणि ते उलटे पडतात. फोनवर घाईत नंबर टिपून घेणाऱ्या मोठ्या माणसांचंही तेच होतं.

मग जोड्याच का छापू नयेत? ०४ ७७ ७७ १८ ८३ हे छान दिसतं खरं, पण त्यात चार जागा लागतात, ओळ लांबते आणि दोन सारख्या जोड्या शेजारी आल्या की डोळा एक गाळून पुढे जातो. माझं मत पक्कं आहे. छापावं पाच-पाच, आणि सांगतानाही त्या जागेला मान द्यावा. ‘शून्य चार सात सात सात’, इथे थांबायचं, समोरच्यानं ‘हं’ म्हटलं की मग ‘सात एक आठ आठ तीन’. रिक्षावर कर्णा लावून जाहिरात करायची असेल, म्हणजे नंबर फक्त ऐकलाच जाणार असेल, तर जोड्या खुशाल सांगाव्यात.

ही जागा केवढी असावी? बहुतेक फाँटमध्ये स्पेसची रुंदी आकड्याच्या रुंदीच्या निम्मी असते. पुस्तकात किंवा व्हिजिटिंग कार्डावर तेवढी पुरते. पाटीवर मात्र लांबून ती मिटून जाते, तिथे एका आकड्याएवढी जागा सोडावी. जागेऐवजी आडवी रेघ बऱ्याच जणांना आवडते. पण रंगवलेल्या पाटीवर ती रेघ शेजारच्या आकड्यात मिसळते आणि तिरकी रेघ तर सरळ १ किंवा ७ वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही परदेशातून लावायच्या नंबरांसाठी +९१ नंतर आणि तुकड्यांमध्ये मोकळी जागाच सांगितली आहे.

पाटीवर जागा का गायब होते, याचं कारण साधं आहे. पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की दर दहा फुटांवरून वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. रस्त्यावरून पन्नास मीटरांवरून नंबर वाचता यावा असं दुकानदाराला वाटत असेल, तर आकडे साधारण चाळीस सेंटिमीटर उंच लागतील आणि दहा आकड्यांची ओळ अडीच-तीन मीटरांवर जाईल. पाटी एवढी रुंद नसते. मग फ्लेक्सवाला नंबर दोन्ही बाजूंनी दाबून बसवतो आणि मधली जागा पहिली बळी पडते. ताशी साठ किलोमीटरनं जाणारी गाडी पन्नास मीटर तीन सेकंदांत पार करते. तेवढ्या वेळात सलग दहा आकडे कुणाला टिपता येणार? अशा वेळी नंबर दोन ओळींत घ्यावा, पाचाखाली पाच, आणि दोन्हींसाठी फोनचं चिन्ह एकच. त्याच रुंदीत आकडे जवळपास दुप्पट मोठे होतात. अंक मराठी असतील तर १ आणि ९ वेगळे दिसतील असाच फाँट घ्यावा. जाड वळणात ते दोन्ही लांबून सारखे भासतात.

पाकिटांवरचा प्रश्न वेगळा आहे. माझ्यासमोर मसाल्याचं एक लहान पाकीट आहे. त्यावर ग्राहक सेवेचा नंबर दीड-दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, पत्त्याच्या परिच्छेदातच घुसवला आहे. परिच्छेद दोन्ही कडांना सरळ केलेला असल्यामुळे स्पेस कुठे ताणली गेली आहे, कुठे आवळली गेली आहे. नंबराच्या मधली स्पेस ओळीच्या शेवटी आली, म्हणून पाच आकडे वर राहिले आणि पाच खालच्या ओळीत पिनकोडच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्या नजरेला ते दोन वेगळे नंबर वाटतात. डीटीपी करणाऱ्यानं साधी स्पेस न देता न तुटणारी स्पेस दिली असती, तर हे टळलं असतं. वर्डमध्ये ती Ctrl+Shift+Space दाबून येते. याहून चांगला उपाय म्हणजे नंबराला त्याची स्वतःची ओळ देणं, आणि तीही पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेपासून दूर. तिथे सुरकुत्यांमध्ये आकडे अर्धे गिळले जातात.

छापील अर्जात आकडे वाचायचे नसतात, भरायचे असतात. दहा चौकोन सलग छापले की भरणारा मधेच एखादा चौकोन सोडतो किंवा एकात दोन आकडे कोंबतो. पाचव्या चौकोनानंतर तीन मिलिमीटरची फट ठेवली, तर अर्ध्यावरच त्याला आपली चूक दिसते. पाच मिलिमीटरचे दहा चौकोन आणि ही फट मिळून ५३ मिलिमीटर होतात, ए-फोर कागदावर ते आरामात बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे चौकोनांच्या आधी +९१ छापून टाकावं. ते नसलं की लोक पहिल्या चौकोनांत तेच लिहितात. काही जण आधी शून्य लिहितात, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य लावावं लागतं. मग शेवटचा आकडा समासात जातो आणि टायपिंग करणाऱ्याला तो दिसत नाही.

अर्जातून नंबर संगणकात घालताना मात्र जागा टाइप करू नये. काही नोंदींत जागा आणि काहींत नाही असं झालं की शोधताना नंबर सापडत नाहीत. एक्सेलमध्ये दहा आकडे सलग ठेवावेत, रकाना निवडून Ctrl+1 दाबावं आणि Custom मध्ये हे लिहावं:

```
00000 00000
```

आकडा आत सलगच राहतो, दिसताना आणि छापताना पाच-पाच दिसतो.

प्रूफ आलं की नंबर मूळ कागदाशी ताडून थांबू नये. ज्यानं तो नंबर आधी पाहिलेला नाही अशा माणसाच्या हातात प्रूफ द्यावं आणि छापलेलं बघून फोन लावायला सांगावं. तो मधेच कागदाकडे किती वेळा वळतो, तेही बघावं.