हिरवी खूण मिळाली, तरी काम बाकी असतं

समजा, एका वाचनालयाच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे. पुस्तक सात दिवस ठेवायची मुभा असूनही सातव्याच दिवशी दंड लागतो. गिटहबवर हा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा, तर मूळ कोडला थेट हात लावत नाहीत. त्याची वेगळी शाखा, म्हणजे ब्रँच काढून तिच्यात बदल करतात आणि ‘हा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती करतात. हीच पुल रिक्वेस्ट. आपल्या उदाहरणात बदल एका चिन्हाचा आहे:

```
-if days >= 7:
+if days > 7:
```

काम अर्धवट असेल तर विनंती `Draft` म्हणून ठेवता येते. ही सोय 2019 मध्ये आली. ड्राफ्टची खूण राखाडी असते. तो सगळ्यांना दिसतो, त्यावर बोलता येतं, पण तो मर्ज करता येत नाही. `Ready for review` दाबलं की खूण हिरवी होते आणि विनंती ओपन होते.

आता तपासणी. तपासणारी सहकारी म्हणते, ‘बदल बरोबर आहे, पण सातव्या आणि आठव्या दिवसाची चाचणी जोडा,’ आणि `Request changes` निवडते. चाचणी त्याच ब्रँचवर जोडली की ती त्याच विनंतीत दिसते. नवी विनंती उघडावी लागत नाही. मग ती `Approve` देते. स्वतःच्या विनंतीला स्वतः मंजुरी देता येत नाही, हा नियम फार चांगला आहे.

नवशिक्याची गफलत होते ती इथे. मंजुरी मिळाली तरी विनंती ओपनच असते. मूळ कोडमध्ये अजून काहीच बदललेलं नसतं. तेवढ्यात दुसऱ्या कुणी मुदत दहा दिवसांची करून तीच ओळ बदलली आणि तो बदल आधी मर्ज झाला, तर गिटहबवर संघर्षाची, म्हणजे कॉन्फ्लिक्टची सूचना येते. एक बाजू `>= 10` म्हणते, दुसरी `> 7`. कोणतीही एक बाजू डोळे झाकून ठेवली तर चूक राहणारच. बरोबर उत्तर `> 10` आहे, आणि ते माणसालाच ठरवावं लागतं. चाचणीतले दिवसही दहावा आणि अकरावा करावे लागतात. प्रकल्पात तशी सेटिंग असेल, तर या नव्या बदलांमुळे जुनी मंजुरी रद्द होते आणि पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

हे सगळं पार पडल्यावर `Merge pull request` दाबलं की बदल मूळ कोडमध्ये जातो आणि खूण जांभळी होते.

बदल नकोच असं ठरलं, तर विनंती मर्ज न करता बंद करतात. तिची खूण लाल असते. म्हणून ती पुसली जात नाही. चर्चा, कारणं, कोड सगळं तिथेच राहतं आणि ब्रँच शाबूत असेल तर ती सहसा पुन्हा उघडता येते. मर्ज झालेली विनंती मात्र पुन्हा उघडत नाही. तो बदल मागे घ्यायचा असेल, तर `Revert` दाबून उलटा बदल करणारी नवी पुल रिक्वेस्ट काढावी लागते.