माहिती पात्राच्या हातात द्या

निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर कादंबरी लिहिताना पहिल्याच प्रकरणात वखारी, व्यापारी, भाव, शेतकरी नेते शरद जोशी, पुणे-बंगळूर महामार्ग असं सगळं ओतायचा मोह होतो. मग पात्रं दोघांनाही ठाऊक असलेलंच एकमेकांना समजावू लागतात. संशोधन उघडं पडल्याची हीच खूण.

त्यापेक्षा त्याच तंबाखूच्या विड्या वळणारी एक कामगार बाई घ्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, हातात कात्रीनं कापलेलं तेंदूचं पान. संध्याकाळी मोजणीला कारखान्याचा माणूस तिच्या मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला सारतो. त्यांचे पैसे नाहीत. ती मनात पोराच्या वहीचा खर्च पुन्हा मांडते. मजुरीची रीत वाचकाला इथंच कळते. हजार विड्यांचा दर मात्र ती वाढवून मागायला उभी राहील, तेव्हाच तिच्या तोंडी येऊ द्या.