आधी काय सुटेल, स्टिकर की रंग?

खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, रंग बदलायचा तर घरमालकाला विचारायचं. मुंबई-पुण्यात 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांची भिंतीवरची हौस बहुतेक वेळा स्टिकरवर येऊन थांबते, ती यामुळे. ज्यांचं घर स्वतःचं आहे त्यांच्याकडेही मुलांच्या खोलीत झाड, त्यावर माकडं आणि बाजूला उंची मोजायची जिराफाची मान असतेच. ऑनलाइन दुकानात असा स्टिकर उघडला की चित्राखाली चार-पाच ओळींचा मजकूर दिसतो. साधारण असा:

‘रिमूव्हेबल वॉल स्टिकर. पीव्हीसी विनाइल. शीट 60 × 90 सेंमी, एक नग. लावल्यावर आकार अंदाजे 110 × 150 सेंमी. गुळगुळीत, कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागासाठी. काढताना डाग राहत नाही. नव्याने रंगवलेल्या भिंतीवर तीन ते चार आठवडे लावू नये. चिकट अंश राहू शकतो किंवा रंग निघू शकतो.’

शेवटची दोन विधानं एकमेकांचं म्हणणं खोडतात असं वाटतं. डाग राहत नाही, पण राहू शकतो. विक्रेता खोटं बोलत नसतो. कोणत्या भिंतीबद्दल बोलतोय, एवढंच तो सांगत नाही.

आधी आकाराचं उरकून घेऊ, कारण पार्सल उघडल्यावरचा पहिला हिरमोड तिथेच होतो. शीट म्हणजे घरी येणारा कागद. त्यावर खोड, फांद्या आणि पानं सुटी सुटी, जागा वाचवत छापलेली असतात. ‘लावल्यावर आकार’ म्हणजे ते तुकडे पसरून लावले की झाड किती जागा व्यापेल, तो अंदाज. वरच्या उदाहरणात शीटचं क्षेत्रफळ जेमतेम 6 चौरस फूट आहे आणि तयार झाड त्याच्या तिप्पट जागेत पसरतं. म्हणजे मधली बरीचशी जागा तुमच्या भिंतीचीच राहणार. फोटोत झाड घनदाट दिसत असेल, तर ते फोटोतच. आता पाच फुटी पलंगाच्या डोक्याशी हे लावायचंय असं समजा. पाठीची फळी जमिनीपासून 105 सेंमी वर संपते. त्यावर 150 सेंमी झाड धरलं की शेंडा 255 सेंमीवर जातो. छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे सुमारे 290 सेंमीवर असेल, तर हे बसतं. पोटमाळ्याखालच्या भिंतीवर बसणार नाही. मागवण्याआधी वर्तमानपत्राची पानं जोडून तेवढा चौकोन भिंतीवर धरून पाहावा. आणि आकड्यापुढे सेंमी लिहिलंय की इंच, ते दोनदा वाचावं.

आता भिंत. आपल्याकडची भिंत म्हणजे एक सलग वस्तू नसते, तो थरांवर थर असतो. विटांवर प्लास्टर, त्यावर पुट्टी, मग प्राइमर, मग रंगाचे दोन हात. त्यावर स्टिकरचा चिकट थर आणि सगळ्यात वर विनाइलचा पापुद्रा. स्टिकर ओढला की ओढ या सगळ्या थरांमधून जाते आणि जो जोड सगळ्यात कच्चा असेल तो सुटतो. चिकट थर आणि रंग यांच्यातला जोड सुटला तर भिंत स्वच्छ राहते. चिकट थर स्वतःच मधोमध फाटला तर अर्धा भिंतीवर उरतो; त्यालाच आपण डाग म्हणतो. आणि रंग-पुट्टीचा जोड कच्चा असेल तर स्टिकरच्या पाठीला रंगाचा पोपडा चिकटून येतो. तेव्हा स्टिकर ‘रिमूव्हेबल’ आहे म्हणजे त्याचा चिकटपणा कमी ठेवलाय, इतकंच. तो तुमच्या पुट्टीपेक्षा कमी आहे का, हे कारखान्यात कुणालाच माहीत नसतं.

चिकटपणा मोजायची रूढ पद्धत पाहिली तर हे नीट कळतं. स्टिकर-लेबलांच्या युरोपीय उद्योगसंघटनेची, फिनॅटची, एक सर्वत्र वापरली जाणारी चाचणी आहे. 25 मिलिमीटर रुंदीची पट्टी काचेवर दाबून बसवायची, मग 180 अंशांत उलटी दुमडून मिनिटाला 300 मिलिमीटर वेगाने ओढायची, आणि किती जोर लागला ते नोंदवायचं. हे एकदा 20 मिनिटांनी आणि एकदा 24 तासांनी. काच गुळगुळीत, कडक आणि कोरडी. तिला पोपडे येत नाहीत, ओल येत नाही. म्हणूनच काच, टाइल, लॅमिनेटचं कपाट आणि ऑइल पेंट मारलेला दरवाजा यांवरून असे स्टिकर सहसा कुरकुर न करता निघतात. चांगल्या प्राइमरवरचं, पूर्ण वाळलेलं सॅटिन किंवा सेमीग्लॉस इमल्शनही चालतं.

तक्रारी येतात त्या डिस्टेंपर आणि चुन्याच्या भिंतींवरून. तळहात भिंतीवर जोरात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर चिकट थर भिंतीला नव्हे, त्या पुडीला धरतो आणि स्टिकर काही दिवसांत कडांनी मान टाकतो. टेक्स्चरच्या किंवा खरबरीत प्लास्टरच्या भिंतीवर तो फक्त उंचवट्यांना टेकतो. उलट, डाग न धरणारे म्हणून विकले जाणारे काही महागडे इमल्शन इतके निसरडे असतात की त्यांच्यावर स्टिकर टिकतच नाही. पश्चिमेकडची पावसात ओल धरणारी भिंत तर सोडूनच द्यावी. पीव्हीसीतून ओल बाहेर पडत नाही. ती मागे साचते आणि रंग फुगतो.

ताज्या रंगाची सूचना मात्र चांगल्या भिंतीलाही लागू आहे, आणि नेमकी तीच वाचली जात नाही, कारण रंग वाळलेला दिसतो. इमल्शन अर्ध्या-एक तासात हाताला लागेनासं होतं, चार-सहा तासांत दुसरा हात मारता येतो. पण तेव्हा त्यातलं फक्त बरंचसं पाणी उडालेलं असतं. रंगातले प्लास्टिकसारखे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा व्हावा म्हणून त्यात एक मंदगतीने उडणारं द्रावण घातलेलं असतं. ते पूर्ण निघून जायला, आणि पापुद्रा कडक व्हायला, तीन-चार आठवडे लागतात. पावसाळ्यात किंवा बंद खोलीत आणखी जास्त. या काळात स्टिकर लावला तर दोनपैकी एक होतं. बाहेर पडू पाहणारी वाफ मागे अडकून फुगे येतात, कडा उचलल्या जातात. हे त्यातल्या त्यात बरं, कारण लगेच दिसतं. दुसरं दिसत नाही. मऊ रंग आणि मऊ चिकट थर एकमेकांत रुततात, स्टिकर छान बसल्यासारखा वाटतो आणि महिन्यांनी काढायला गेलं की रंग घेऊनच निघतो.

आपल्याकडचं वेळापत्रकच याला पोषक आहे. दसऱ्याच्या सुमारास घराला रंग होतो, दिवाळीच्या सेलमध्ये स्टिकर येतो आणि पाहुणे यायच्या आत तो भिंतीवर जातो. दसरा ते लक्ष्मीपूजन अंतर साधारण 20 दिवसांचं. म्हणजे दसऱ्याला शेवटचा हात मारला असेल तरी दिवाळीला मुदत भरत नाही, आणि रंगाऱ्यांचं काम दसऱ्याला संपलंय असं फार कमी घरांत घडतं. भाऊबीजेनंतर आठवडाभर थांबलं तर बरं. शंका असेल तर कपाटामागे अंगठ्याचं नख दाबून पाहावं. खूण उमटत असेल किंवा बंद खोलीत रंगाचा वास अजून कोंडत असेल, तर भिंत तयार नाही.

नख दाबून समाधान झालं तरी दरवाज्यामागे एक छोटं पान लावून पाहण्याचा सल्ला विक्रेते देतात, तो जरूर पाळावा. फक्त त्याची मर्यादा लक्षात घ्यावी. एका दिवसात सुटणारं पान वर्षभरानंतरही तसंच सुटेल असं नाही. चिकट थर हळूहळू भिंतीच्या बारीक खाचांत उतरत जातो आणि पकड वाढते. शिवाय विनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेलं प्लास्टिसायझर सावकाश चिकट थरात झिरपतं. त्याने तो थर गिळगिळीत होतो आणि विनाइल कडक. दुपारचं ऊन पडणाऱ्या भिंतीवर हे लवकर होतं. अशा जुन्या स्टिकरचा एक तुकडा हातात येतो आणि बाकीचा भिंतीवरच राहतो.

म्हणून काढताना घाई नको. हेअर ड्रायर मध्यम गरम ठेवून, हातभर अंतरावरून कोपऱ्यावर अर्धा मिनिट फिरवावा. विनाइल मऊ झालं पाहिजे, ताणलं जाऊन लोंबायला नको. मग कोपरा नखाने उचलून स्टिकर त्याच्याच अंगावर उलटा दुमडावा आणि भिंतीला जवळजवळ समांतर, सावकाश ओढावा. आपल्याकडे सरळ खेचला तर रंगही भिंतीपासून दूर खेचला जातो. वेगही महत्त्वाचा, कारण हे चिकटद्रव्य जितक्या झटक्यात ओढाल तितकं जास्त घट्ट धरतं. वॅक्सिंगची पट्टी ओढायची सवय इथे उलटी पडते. स्टिकरच्या पाठीकडे पाहत राहावं. रंगाचा ठिपका दिसला की थांबून दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करावी.

तरीही चिकट अंश राहिलाच तर आधी बोटाने चोळून त्याच्या गोळ्या करून पाहाव्यात, किंवा साधी चिकटपट्टी त्यावर टेकवून उचलत राहावं. त्यानंतर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ फडक्याने. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर डागाबरोबर इमल्शनही विरघळवतं. खोबरेल तेल काचेवर किंवा टाइलवर उत्तम काम करतं, पण मॅट भिंतीत ते मुरतं आणि तो तेलकट डाग नव्या रंगातूनही वर येतो.

कधी कधी सगळं नीट निघूनही स्टिकरच्या आकाराची खूण उरते. तो डाग नसतो. झाकलेला भाग मूळ रंगाचाच राहिलेला असतो आणि उरलेली भिंत ऊन-धुळीने उतरलेली असते. घासून काही उपयोग नाही, कारण तिथे काढण्यासारखं काही नसतं. तेवढ्याच जागी जुन्या डब्यातला रंग लावला तरी तो उठून दिसतो, तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण रंगवावी लागते. भाड्याच्या घरात हा खर्च अनामत रकमेतून वळता होण्याची शक्यता असते. म्हणून राहायला येतानाच घरमालकाकडून रंगाचा शेड नंबर मागून घ्यावा, आणि रिकाम्या भिंतींचे फोटोही तेव्हाच काढून ठेवावेत.